कुडाळ, मालवण, आचरा: संपर्क तुटलेल्या वर्गमित्राच्या घरापर्यंतचे चार दिवस

सिंधुदुर्गात माणूस शोधायला निघालं की तो मुंबईत असतो, आणि मुंबईत शोधायला लागलं की 'गावाक गेलो' असं कळतं. घर मात्र जागचं हलत नाही. चाकरमानी तीस वर्षं गिरगावात किंवा विरारला काढतो, पण गणपती मूळ घरातच बसतो आणि त्या घरात भाऊ, वहिनी, चुलती, निदान किल्ली सांभाळणारा शेजारी असतो. म्हणून या प्रवासात आधी घर शोधायचं आणि घर सापडलं तरी लगेच दारात जाऊन उभं राहायचं नाही.

उदाहरणासाठी एक प्रवासी घेऊ. वडील सरकारी नोकरीत, बदली मालवण तालुक्यात. आठवी ते दहावी आचऱ्याच्या बाजूच्या एका हायस्कुलात. १९९२ ला दहावी झाली, पुन्हा बदली झाली, भाड्याचं घर सुटलं. बाकावरच्या मित्राशी दोनतीन वर्षं पत्रं चालली आणि मग थांबली. प्रवासी आता डोंबिवलीत राहतो. त्याच्या हाताशी मित्राचं नाव, वर्गातलं टोपणनाव आणि एका जुन्या आंतर्देशीय पत्रामागचा पत्ता एवढंच आहे.

हे पत्र नीट वाचायला हवं. 'मु. पो.' असं सलग लिहिलेलं असेल तर गाव आणि टपाल कार्यालय एकच. 'मु.' पुढे एक नाव आणि 'पो.' पुढे दुसरं असेल, तर पोस्ट शेजारच्या गावात आहे आणि घर 'मु.' वाल्या गावात. अनेकजण पोस्टाचं गाव धरून जातात आणि अर्धा दिवस भलत्याच वाड्यांमधून फिरतात.

निघण्याआधी

तारीख ठरवताना गावाचं पंचांग बघावं. गणपतीत सगळे घरी सापडतात हे खरं, पण तेव्हा घरात माणसांची दाटी, यजमानाला बसायला वेळ नाही, आणि इतक्या वर्षांनी आलेल्याशी बोलायला एकांत नाही. शिमग्याचंही थोडंफार तसंच. पहिल्या भेटीला तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस चांगले. पाऊस संपलेला असतो, भातकापणी आटोपत आलेली असते, आणि कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. गणपतीत रजा न मिळालेला चाकरमानी जत्रेला येतो, त्यामुळे मित्राच्या गावची जत्रा कधी आहे हे कळलं तर तो गावात कधी सापडेल याचा अंदाज बांधता येतो.

आचऱ्याच्या बाजूला आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते, ती म्हणजे गावपळण. दर काही वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की आचऱ्याचा अख्खा गाव गुराढोरांसह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. चिंदर, वायंगणी या शेजारच्या गावांतही ही प्रथा आहे. त्या दिवसांत पत्ता बरोबर असूनही दारं बंद दिसतात. निराश होऊ नये, उलट वेशीबाहेरच्या राहुट्यांमध्ये सगळा गाव मोकळा बसलेला असतो आणि चौकशी एरवीपेक्षा सोपी जाते.

दुसरी तयारी मतदारयादीची. मालवण तालुका कुडाळ विधानसभा मतदारसंघात येतो, आणि गावाच्या यादीभागाची प्रत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर बघता येते. त्यात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक आणि वय असतं. मित्राचं नाव तिथे नसण्याचीच शक्यता जास्त, कारण त्याचं मतदान मुंबईत असेल. वडिलांच्या नावाने शोधावं. मधलं नाव तेच असलेला, चारपाच वर्षांनी लहानमोठा माणूस दिसला, तर तो बहुधा भाऊ. त्याच घर क्रमांकावर आणखी कोण आहे ते बघितलं की घराचा आराखडा डोळ्यासमोर येतो. फक्त जुन्या यादीवर विसंबू नये, तिच्यात वारलेल्यांची नावं तशीच राहिलेली असतात.

पहिला दिवस, गुरुवार: दादर ते मालवण

मालवणला रेल्वे नाही, उतरायचं कुडाळला. रात्रीच्या दोन गाड्या सोयीच्या. सीएसएमटीहून अकराच्या सुमारास सुटणारी कोकणकन्या आणि दादरहून मध्यरात्र उलटल्यावर पाच मिनिटांनी सुटणारी तुतारी. तुतारीत दर मोसमात काहीजण फसतात. गाडी ००.०५ ला सुटते, म्हणून बुधवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट गुरुवारच्या तारखेचं लागतं. बुधवारचं तिकीट काढून बुधवारी रात्री फलाटावर आलेल्याची गाडी चोवीस तासांपूर्वीच गेलेली असते. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं आणि गाड्या मुद्दाम हळू चालवतात, तेव्हा तर वेळ नव्याने बघावीच.

चिपळूण मागे पडलं की उजाडायच्या सुमारास बोगदे सुरू होतात आणि फोनची रेंज जाते-येते. कणकवलीनंतर डब्यातल्या आवाजात मालवणी वाढते. कुडाळहून मालवण साधारण तीस किलोमीटर, एसटीने तासाभराचं. वाटेत नेरूरपारला कर्ली नदी ओलांडावी लागते, दोन्ही तीरांना माडांची रांग आणि ओहोटीला उघडा पडलेला चिखल.

मुक्काम मालवणात करावा, मित्राच्या गावात नाही. गावात उतरलं की कोणाकडे उतरलात हा पहिला प्रश्न येतो, आणि ज्याच्याकडे उतरलो त्याच्या घराचं मित्राच्या घराशी जमत असेलच असं नाही. भावकीचे, बांधाचे, देवळातल्या मानाचे वाद जुने असतात आणि नकळत आपण एका बाजूचे पाहुणे ठरतो.

दुपार एसटी स्थानकावर घालवावी. चौकशीच्या खिडकीवर त्या गावाला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात, विशेषतः परतीची शेवटची गाडी आणि वस्तीची गाडी. वस्तीची गाडी संध्याकाळी गावात जाते, रात्रभर तिथेच थांबते आणि पहाटे परतते. तिचे चालक-वाहक त्या वाटेवरची माणसं घरानिशी ओळखतात. गाडी सुटायच्या आधी पंधरा मिनिटं वाहकाशी बोलणं झालं तर वाडीचं नाव, तिठा आणि उतरायचा थांबा एवढं पहिल्याच दिवशी कळतं.

दुसरा दिवस, शुक्रवार: शाळा आणि तिठा

शाळेत शनिवारी जाऊ नये. त्या दिवशी शाळा सकाळची असते आणि सगळ्यांना घरी जायची घाई. इतर दिवशी मधल्या सुट्टीच्या थोडं आधी पोचावं.

शाळेकडून काय मिळेल याबद्दल लोकांच्या मोठ्या समजुती असतात. जनरल रजिस्टरमध्ये आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यात नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, सोडल्याची तारीख असते. राहण्याचा पत्ता नसतो. लिपिक दुसऱ्याची नोंद दाखवणार नाही, आणि त्याने दाखवूही नये. समजा जन्मगाव कळलं, तरी ते फसवं असतं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे जन्मगाव म्हणजे बऱ्याचदा आजोळ. उलटही होतं: मित्र मामाकडे राहून शिकत होता, आपण खेळायला जायचो ते घर मामाचं, आणि त्याचं स्वतःचं गाव देवगड तालुक्यात. लहानपणी हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. 'त्याचं घर मला पाठ आहे' असं छातीठोक सांगणाऱ्यांनी आधी ते घर कोणाचं होतं हे आठवून बघावं. घरातल्या मोठ्या माणसाला मित्र काय हाक मारायचा, यावरून ते उकलतं.

मुख्याध्यापकांना भेटून दोन गोष्टी मागाव्यात: त्या काळच्या शिक्षकांपैकी गावात कोण राहतं, आणि जुने शिपाई कुठे भेटतील. शिपाई शिक्षकांपेक्षा उपयोगी. शिक्षक बाहेरून आलेले, बदलीवर गेलेले. शिपाई त्याच गावचा, आणि त्याला मुलं आडनावाने नव्हे तर वाडीने आणि बापाने लक्षात असतात. इथे आडनावाचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. परब, सावंत, राणे, गावडे यांपैकी एखाद्या आडनावाची अख्खी वाडी असते, आणि त्यात एकाच नावाचे तिघे. सांगायचं ते असं: नाव, बापाचं नाव, दहावीचं साल, वर्गातलं टोपणनाव, आणि असलीच तर एखादी खूण, जसं की सायकलवर कोणाबरोबर यायचा.

शाळेनंतर तिठा. किराणा दुकान, चहाचं हॉटेल, गणवेश शिवणारा शिंपी, शाखा डाकघर. इथे चौकशी कोणत्या क्रमाने करतो यावर सगळं अवलंबून आहे. गेल्या काही वर्षांत किनाऱ्यालगतच्या जमिनींचे भाव चढले आणि 'हे घर कोणाचं, मालक कुठे असतो' असं विचारणारे मुंबईचे अनोळखी लोक म्हणजे जमिनीचे दलाल, हे गावाने अनुभवाने ठरवून टाकलं आहे. त्यामुळे थेट घराबद्दल विचारलं की उत्तर येतं, 'म्हायत नाय'. सगळ्यांना माहीत असतं. ते उत्तर आलं की ओळखावं, आपण मालकाबद्दल विचारलं, मित्राबद्दल नाही.

म्हणून आधी स्वतःची ओळख द्यावी, आणि तीही नाव-नोकरीची नको. 'अमुक साली ह्या शाळेत होतो, वडील अमुक कचेरीत होते, अमुकांच्या घरात भाड्याने राहायचो, गणिताला अमुक सर होते.' मालवणी येत असेल तर मोडकी का होईना बोलावी. समोरून 'म्हंजे तू त्या भाऊसायबांचो झील?' असं आलं की काम झालं, आता माहिती न विचारता मिळते. डाकसेवकाला पत्ता विचारू नये, तो त्याला सांगता येत नाही. बंद पाकीट पत्त्यावर टाकायला मात्र काहीच हरकत नाही.

या उदाहरणात शिंप्याकडे धागा लागतो असं धरू. मित्राचं घर देऊळवाडीत, थोरला भाऊ तिथे असतो, मित्र कुडाळला नोकरी करतो आणि शनिवार-रविवार घरी येतो. इथे उठून वाडीत जायचा मोह होतो. त्याआधी एक प्रश्न विचारावा: 'घरात आता कोण कोण असतं?' आई-वडील कसे आहेत, असं विचारू नये. इतक्या वर्षांत कोण गेलं हे आपल्याला माहीत नाही, आणि तो प्रश्न मित्राच्या दारात, त्याच्या तोंडावर विचारणं याहून वाईट सुरुवात नाही. घरात नुकतंच कोणी वारलं असेल, सुतक असेल, तर तेही इथेच कळतं. मग मिठाईचा पुडा घेऊन जायचं नाही, रिकाम्या हाताने जाऊन बसायचं.

निरोप चिठ्ठीने द्यावा. भावाच्या हाती किंवा दुकानदाराकडे. मित्राचा नंबर मागू नये, आपला द्यावा. नंबर मागितला तर देणाऱ्याला ठरवावं लागतं आणि तो टाळतो. आपला दिला तर ठरवायचं काम मित्राकडे जातं, आणि ते त्याचंच आहे. चिठ्ठी अशी पुरते:

'मी (नाव, वडिलांचं नाव). दहावी १९९२, ब तुकडी, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर तुझ्या शेजारी. १९९५ नंतर माझ्याकडून पत्र गेलं नाही. रविवारी दुपारपर्यंत मालवणात आहे, नंबर खाली. तुला भेटायचं आहे, दुसरं काही काम नाही. उद्या चारनंतर येऊ का? जमत नसेल तर तसं कळव, राग नाही.'

'दुसरं काही काम नाही' हे वाक्य गाळू नये. वीसतीस वर्षांनी उगवणाऱ्या वर्गमित्राकडे विम्याची पॉलिसी, साखळी योजनेची वस्तू, निवडणुकीचा अर्ज किंवा उसनवारीची मागणी असते, असा लोकांचा अनुभव आहे. आणि वर्ष, तुकडी, बाक लिहिल्याने 'कोण रे हा' म्हणून आठवत बसायची वेळ येत नाही. 'ओळख पाहू मी कोण' हा खेळ फोनवर किंवा चिठ्ठीत कधीही करू नये. न ओळखता आल्याची लाज समोरच्याला वाटते आणि तो पुन्हा फोन उचलत नाही.

मैत्रीण शोधायची असेल तर वाट वेगळी. लग्नानंतर आडनाव बदलतं, कोकणात अनेक घरांत पहिलं नावही, म्हणून मतदारयादी आणि समाजमाध्यमं दोन्ही निरुपयोगी ठरतात. माहेरचं घर गाठायचं आणि घरातल्या बाईशी, शक्यतो वहिनीशी, बोलायचं. विचारणारा पुरुष असेल तर बरोबर बायको किंवा बहीण असावी. नंबर मिळणार नाही असं धरूनच चालावं. चिठ्ठी वहिनीकडे दिली की पुढच्या माहेरपणात ती पोचते, आणि त्याला दोन महिने लागू शकतात.

तिसरा दिवस, शनिवार: देऊळवाडी

सकाळी फोन आला नाही तरी लगेच अर्थ काढू नये. किनाऱ्याकडच्या काही वाड्यांत रेंज घराच्या एका कोपऱ्यातच मिळते, आणि मित्र कुडाळहून दुपारी यायचा असतो. दुपारी दोननंतर एकदा दुकानदाराला विचारावं, 'चिठ्ठी पोचली का?' पोचली आहे आणि तरी उत्तर नाही, तर ते उत्तरच आहे. वाडीत जायचं नाही. पोचलीच नसेल तर संध्याकाळच्या गाडीने जाऊन भावाला भेटायला हरकत नाही.

आपल्या उदाहरणात साडेबाराला फोन येतो, आवाज अनोळखी, पहिलं वाक्य 'खंय मेलं हुतंस इतकी वर्सा?' मालवणीत ही शिवी नाही.

चारला जाण्यामागे कारण आहे. एक ते साडेतीन जेवण आणि वामकुक्षी. पाचला गेलं तर दिवेलागण जवळ येते आणि रात्रीच्या जेवणाचा आग्रह सुरू होतो. चारला चहाची वेळ, दीड तासाने उजेडात उठता येतं. रिक्षा मीटरवर नसते, जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं भाडं मालवणातच ठरवावं. थांबलेली रिक्षा उठायला निमित्तही देते. खाऊ म्हणून मुंबईचं फरसाण किंवा मिठाई अर्धा किलो पुरे. महागडी भेटवस्तू नेली की त्या घराला परतफेडीचा घोर लागतो.

बसणं खळ्यात किंवा पडवीत होतं. पहिली दहा मिनिटं भाऊ, वहिनी, शेजारचे दोघे, सगळे असतात आणि बोलणं शाळेचंच चालतं. ते चालू द्यावं. न बोलण्याच्या वर्षांबद्दल चारचौघांत काढू नये. मित्र स्वतः 'चल, बाग दाखवतो' किंवा 'विहिरीकडे जाऊन येऊ' म्हणतो तेव्हा तो एकांत देतो आहे हे समजावं. तिथे एकदाच, एका वाक्यात सांगावं: 'पत्रं माझ्याकडून थांबली.' कारणांची यादी नको. बदली, नोकरी, लग्न ही कारणं त्याच्याकडेही होती. जुन्या उसन्या पैशाची बाब असेल तर तीही इथेच, बायकोमुलांसमोर नाही. आपण देणे असू तर पाकीट हातात द्यावं, व्याजाची भाषा करू नये. येणे असेल तर विषय काढूच नये, त्यासाठी हा प्रवास नव्हे.

बहुतेक भेटी बिघडतात त्या तुलनेमुळे. फ्लॅट किती खोल्यांचा, मुलगा कुठल्या कॉलेजात, गाडी कोणती. विचारणारा सहज विचारतो, ऐकणारा हिशेब लावतो. त्यापेक्षा कामाचे तपशील विचारावेत: आंब्याला मोहर कधी आला, कलमांवर फवारणी किती वेळा करतोस, कुडाळहून शनिवारी कुठल्या गाडीने येतोस. यावर माणूस अर्धा तास सहज बोलतो.

गावातल्या इतर वर्गमित्रांना त्याच वेळी फोन लावून बोलावू नये. आणि दहावीच्या तुकडीचा व्हॉट्सअॅप गट असेल तर मित्राचा नंबर त्याला न विचारता तिथे टाकू नये. गटात तो आधीपासून नाही, याला बऱ्याचदा कारण असतं, आणि ते त्या गटातच बसलेलं असतं.

चौथा दिवस, रविवार: परत

रविवारी जेवायला बोलावणं येतंच. परतीची तुतारी संध्याकाळची आहे, त्यामुळे दुपारी जेवून निघता येतं. मुक्कामाचा आग्रह मात्र पहिल्या खेपेला मोडावा. आरक्षित तिकीट दाखवलं की यजमान वाईट वाटून घेत नाही. जेवण सोमवारी आलं असतं तर ताटात मासे नसते, रविवारी बांगड्याचं तिखलं किंवा कोंबडी-वडे ठरलेले. निघताना पिशवीत आमसुलं, काजू, मालवणी खाजं भरलं जातं. नको म्हणू नये.

घरी पोचल्यावर त्याच दिवशी एक फोन, फक्त पोचल्याचा. त्यानंतर आठवड्याभराने दुसरा, आणि त्यात एखादी खरी बाब असावी: बागेतल्या फवारणीचं काय झालं, मुलीच्या परीक्षेचा निकाल लागला का. रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवणं सुरू केलं की महिन्याभरात फोन मुका केला जातो.

गणपतीचं बोलावणं आलं तर तारखांचा हिशेब आताच करावा. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं, म्हणजे शनिवार १२ सप्टेंबरच्या गाडीसाठी १४ जुलैला, आणि कोकणच्या गाड्या त्या सकाळी काही मिनिटांत भरतात. शुक्रवारी रात्रीच तुतारीने निघायचं असेल तर तिकीट १२ तारखेचंच. मित्राला आधी विचारून घ्यावं की घरचा गणपती किती दिवसांचा. दीड दिवसाचा असेल तर चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन होऊन जातं. पाच किंवा अकरा दिवसांचा असेल तर पहिले दोन दिवस सोडून जावं, तेव्हा तिकीटही मिळतं आणि रात्रीच्या भजनानंतर पडवीत बसायला जागाही असते.